प्रकल्प फसलाय, आता बोला: प्रीमॉर्टेमच्या सहा स्लाइड कशा करायच्या

"शुभ बोल रे नाऱ्या" म्हटलं की "मांडवाला आग लागली" म्हणणारा नाऱ्या आपल्याकडे कायम बोलणी खातो. प्रीमॉर्टेममध्ये त्यालाच मानाने बोलावतात. मांडवाचे बांबू अजून टेम्पोतून उतरायचे असतात आणि आपण त्याला विचारतो, "मांडव जळाला. कसा जळाला ते सांग."

पोस्टमॉर्टेम माणूस गेल्यावर करतात, हे जाण्याआधी करायचं. गॅरी क्लाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २००७ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये एक छोटा लेख लिहिला आणि ही पद्धत जगभर पसरली. कृती फार मोठी नाही. योजना तयार झाली की टीमला जमवायचं, प्रकल्प सपशेल फसला आहे असं जाहीर करायचं, प्रत्येकाने गप्प बसून त्याची कारणं लिहायची, मग ती एकेक करून वाचायची आणि त्यावरून योजना दुरुस्त करायची.

"पुढच्या आठवड्यात एक प्रीमॉर्टेम घे, स्लाइड करून आण," असं कुणी पहिल्यांदाच सांगितलं की आपण स्लाइड भरायला बसतो. धोक्यांची यादी, रंगीत तक्ता, मागच्या प्रकल्पांचे आलेख. माझ्या पहिल्या संचात एकोणीस स्लाइड होत्या आणि बैठकीत फक्त मीच बोलले. आता सहाच असतात, त्यातल्या तीन जवळजवळ कोऱ्या. त्या सहा कशा करायच्या ते एका प्रकल्पाच्या आधाराने सांगते.

प्रकल्प असा. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका सहकारी साखर कारखान्याला ऊसतोडीच्या कागदी चिठ्ठ्या बंद करून मोबाइल ॲप आणायचं होतं. जुन्या पद्धतीत चिटबॉय फडात चिठ्ठी लिहायचा: शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, टोळी, गाडी नंबर. ड्रायव्हर ती खिशात घालून कारखान्यावर यायचा आणि काट्यावरचा क्लार्क त्यावरून संगणकात नोंद करायचा. आधी भरलेल्या गाडीचं वजन, ऊस खाली झाला की रिकाम्या गाडीचं, आणि मधला फरक शेतकऱ्याच्या खात्यावर. नव्या पद्धतीत चिटबॉयने फोनवर नोंद करायची, ती थेट काट्यावर दिसायची आणि वजन झाल्याबरोबर शेतकऱ्याला मेसेज जायचा. मी ॲप करणाऱ्या कंपनीच्या बाजूने काम बघत होते. काम जुलैत सुरू झालं, हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हायचा होता.

बैठक कधी आणि कोणाला घेऊन

योजना कागदावर आली आहे, पण ती बदलायला अजून जागा आहे, असा दिवस निवडा. काम ठरलं त्याच दिवशी घेतली तर लोक हवेत कारणं लिहितात, कारण फसायला अजून काही आकारच नसतो. सुरुवातीच्या आठ दिवस आधी घेतली तर कारणं अगदी अचूक येतात, पण त्यांचं करायचं काय? आम्ही ऑगस्टच्या मध्यावर घेतली. ॲपचे पडदे तयार होते, आतली जुळणी चालू होती, प्रशिक्षणाच्या तारखा ठरल्या होत्या पण जाहीर झाल्या नव्हत्या.

माणसं सहा ते बारा. त्याहून कमी असली तर कारणं पुरेशी येत नाहीत, जास्त असली तर वाचनाची फेरी संपता संपत नाही. कोण हवं, हे ठरवायला मी एक सोपी युक्ती वापरते. काम ज्या ज्या हातांतून जातं त्या हातांची यादी करायची आणि प्रत्येक हाताचा एक माणूस बोलवायचा, साहेब नव्हे. आमच्या खोलीत नऊ जण होते: शेतकी अधिकारी, दोन गटांचे शेती मदतनीस, काट्यावरचा क्लार्क, हिशेब विभागातल्या एक बाई, संगणक विभागप्रमुख, आमचा ॲप लिहिणारा मुलगा, मी, आणि एक चिटबॉय. चिटबॉयला बोलवण्यावरून थोडी कुरकुर झाली. "तो काय सांगणार?" असं शेतकी अधिकारी म्हणाले. तो आला आणि दाराजवळची खुर्ची धरून बसला.

वेळ सव्वा तास. आधी कुणालाही स्लाइड पाठवू नका. नुसतं "योजनेवर बोलायचंय, पेन घेऊन या" एवढं कळवा. आधी पाठवलं तर लोक घरून सावध, साफसूफ केलेली कारणं घेऊन येतात.

पहिली स्लाइड: योजना, चार ओळींत

यावर पाच मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका. काय करणार, कधीपासून, कोण करणार, आणि कशाला यश म्हणणार. आमच्या स्लाइडवर हे होतं:

> ५ नोव्हेंबरपासून तोडीची प्रत्येक नोंद ॲपवर.
> सप्टेंबरमध्ये सर्व चिटबॉयना दोन दिवसांचं प्रशिक्षण.
> रेंज नसली तरी नोंद फोनमध्ये राहणार, रेंज आली की जाणार.
> १ डिसेंबरपासून कागदी चिठ्ठी पुस्तकं बंद.

धोके, अडचणी, "आव्हाने" यातलं काही इथे लिहायचं नाही. योजनेच्या स्लाइडवर "रेंजची अडचण" असे दोन शब्द जरी असले, तरी पुढे नऊपैकी सात जण रेंजबद्दलच लिहितात.

दुसरी स्लाइड: फसल्याची बातमी

सगळा संच या एका स्लाइडवर उभा आहे, म्हणून इथे थोडं थांबते.

नवखा माणूस इथे लिहितो, "प्रकल्प अयशस्वी होण्याची संभाव्य कारणे कोणती?" हा प्रश्न विचारला की खोलीतला प्रत्येक माणूस वकील होतो. "तसं होणार नाही, पण झालंच तर..." अशी वाक्यं येतात. प्रकल्प बुडू शकेल का, यावरच वाद सुरू होतो आणि ज्याने योजना केली तो तिची बाजू मांडू लागतो. "बुडालाय" म्हटल्यावर बुडणार की नाही हा वाद उरतच नाही. उरतं फक्त "का?" मराठीत हा फरक क्रियापदाच्या शेपटीत आहे, म्हणून स्लाइडवरचं प्रत्येक क्रियापद तपासा. "शकेल", "शक्यता", "जर-तर" यातलं काही दिसलं की खोडा.

याला थोडा शास्त्राचा आधार आहे. १९८९ मध्ये डेबोरा मिचेल, एडवर्ड रुसो आणि नॅन्सी पेनिंग्टन या तिघांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. एखादी घटना घडलीच आहे असं धरून चाललं, तर माणसं तिची जास्त कारणं देतात, असं त्यात दिसलं. त्यातही फरक पडतो तो मुख्यतः खात्रीमुळे, नुसतं भूतकाळात बोलल्यामुळे नव्हे. क्लाइनच्या लेखात याच अभ्यासाचा हवाला देऊन ३० टक्के वाढीचा आकडा आहे आणि तो स्लाइडवर टाकायचा मोह प्रत्येकाला होतो. टाकू नका. तो अभ्यास लोक कारणं कशी देतात याचा होता, खऱ्या प्रकल्पांच्या यशाचा नव्हता. शिवाय खोलीतला एखादा हुशार माणूस पुढची दहा मिनिटं त्या आकड्यावरच घालवतो.

आमची दुसरी स्लाइड अशी होती:

> आज १५ जानेवारी.
> गेल्या सोमवारपासून ॲप बंद केलंय. चिठ्ठी पुस्तकं परत छापून आणली.
> चाळीसेक शेतकरी वजनं जुळत नाहीत म्हणून शेतकी ऑफिससमोर बसलेत.
> या हंगामात पाऊस वेळेवर थांबला, संप झाला नाही, कारखाना एक दिवसही बंद पडला नाही.

या चार ओळींमागे थोडा हिशेब आहे. तारीख हंगामाच्या ऐन मध्यावरची निवडली, कारण तेव्हा परत फिरणं सगळ्यात महाग पडतं. "प्रकल्प अयशस्वी" असं न लिहिता डोळ्यांपुढे येईल असं दृश्य लिहिलं, तेही त्या माणसांच्या ओळखीचं. ऑफिससमोर बसलेले शेतकरी प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेले होते. शेवटची ओळ माझी स्वतःची भर आहे. पाऊस, संप आणि बंद ही तीन कारणं साखर कारखान्यात कुठल्याही गोष्टीला लागू पडतात, म्हणून ती दारं आधीच लावून घेतली. पण दारं लावायची ती दोन-तीनच. सगळीच लावली तर लोकांना आपण एखाद्या ठरावीक उत्तराकडे ढकलतोय असं वाटतं, आणि ते खरंही असतं.

ही स्लाइड मोठ्याने वाचा आणि मग दहा सेकंद गप्प राहा. अवघड जातं. आमच्याकडे एक शेती मदतनीस म्हणाले, "मॅडम, मोळी टाकायच्या आधीच असं अभद्र कशाला? वास्तू तथास्तु म्हणते." हे हसण्यावारी नेऊ नका, पुष्कळांना मनातून खरंच वाटतं. मी म्हटलं, "काका, शब्द माझे आहेत, लागलं तर मला लागेल. तुम्ही फक्त कारण शोधायचं." ते हसले आणि पेन उघडलं.

तिसरी स्लाइड: गप्प बसून लिहा

सात मिनिटं. स्लाइडवर फक्त सूचना:

> हे असं का झालं? निदान चार कारणं लिहा.
> प्रत्येक कारणात कोण, कुठे, केव्हा हे आलं पाहिजे.
> बोलायचं नाही. नाव लिहायचं नाही.

"निदान चार" महत्त्वाचं आहे. पहिली दोन कारणं सगळ्यांची सारखीच निघतात. तिसऱ्या-चौथ्याला माणूस स्वतःच्या कामाच्या आठवणीत उतरतो. चौथ्या मिनिटाला पेनं थांबतात आणि लोक तुमच्याकडे बघायला लागतात, तेव्हा लगेच पुढच्या स्लाइडवर जाऊ नका. सातव्या मिनिटापर्यंत त्यातले बरेच जण परत लिहायला लागतात.

"समन्वयाचा अभाव", "नियोजन कमी पडलं", "लोकांचा प्रतिसाद नाही" हे कारण म्हणून चालत नाही, कारण ते कुठल्याही प्रकल्पाला चिकटवता येतं. फरक कळावा म्हणून एक नमुना द्यावा, पण तो दुसऱ्याच विषयातला. मी लग्नाचा देते. "जेवणाचं नियोजन फसलं" हे कारण नाही. "आचाऱ्याला गॅसच्या दोन टाक्या सांगितल्या होत्या, तिसरी आणायला कोण जाणार हे ठरलं नव्हतं, आणि पहिल्या पंगतीलाच दुसरी संपली" हे कारण. स्वतःच्या प्रकल्पातला नमुना दिला की तोच थोडा बदलून पाच जणांच्या कागदावर उतरतो.

कागद की स्क्रीन? खोलीत बसला असाल तर कागद. दूरून जोडलेली टीम असेल तर प्रत्येकाने स्वतःच्या वहीत लिहावं आणि वेळ संपल्यावरच सगळ्यांना दिसेल असं टाकावं. सामायिक पानावर एकाच वेळी लिहायला सांगितलं, तर पहिल्याने लिहिलेलं वाचून बाकीचे लिहितात.

चौथी स्लाइड: कोरा तक्ता

स्लाइडवर दोनच रकाने, क्रमांक आणि कारण. ती सगळ्यांसमोर भरत जायची. फेरी फिरवायची आणि प्रत्येकाने एका वेळी एकच, आधी कुणी न सांगितलेलं कारण वाचायचं. यादी संपेपर्यंत फेऱ्या चालू. वाचताना उत्तर द्यायला मनाई. "ते आम्ही बघितलंय" हे वाक्य कानावर आलं की थांबवा, कारण त्यानंतर खालच्या पायरीवरचा माणूस कागद घडी करून ठेवतो.

सुरुवात कोणी करायची? क्लाइन म्हणतो, प्रकल्पप्रमुखाने. आपल्याकडे हे जपून करावं लागतं. साहेबांनी पहिलं कारण "चिटबॉय पोरं नीट नोंद करत नाहीत" असं वाचलं, तर खोलीतले बाकीचे त्याच वाटेने जातात आणि चिटबॉय एक शब्द बोलत नाही. म्हणून मी आदल्या दिवशी शेतकी अधिकाऱ्यांना फोन करून विनंती केली: पहिलं कारण तुमच्या स्वतःच्या निर्णयातलं वाचा. ते थोडे नाराज झाले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी वाचलं, "१ डिसेंबरला पुस्तकं बंद करायची तारीख मी चेअरमनसाहेबांना सांगून बसलो होतो, म्हणून गोंधळ दिसत असूनही मागे घेतली नाही." खोली सैल झाली. वरचा माणूस असं करायला तयार नसेल, तर कागद गोळा करून, मिसळून, बाहेरच्या कुणीतरी वाचावेत. त्यात थोडी मजा जाते, पण कारणं हातची जात नाहीत.

आमच्याकडे तेवीस कारणं आली. सगळी देत नाही. रेंजचं पहिल्याच फेरीत आलं, अपेक्षेप्रमाणे. ॲप लिहिणाऱ्या मुलाने त्याच्या पोटातलं एक काढलं: रेंज नसताना दोन फोन आपापला चिठ्ठी नंबर तयार करतात, दोघांचा नंबर एकच निघतो, आणि काट्यावर एका गाडीचं वजन दुसरीच्या नोंदीवर बसतं. हिशेबाच्या बाईंनी लिहिलं होतं की एका गावात एकाच नावाचे तीन-तीन सभासद असतात, नोंद आजोबांच्या नावावर आणि गावात ओळख नातवाच्या नावाने. घाईत चिटबॉय यादीतलं पहिलं नाव दाबतो. चूक कळते ती बिल निघाल्यावर. उसाचं बिल ऊस दिल्यापासून १४ दिवसांत द्यायचं असा नियम आहे, म्हणजे दोन आठवड्यांपर्यंत चुका साठत जाऊ शकतात.

चिटबॉयची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "साहेब, ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतात. एकाचा फड संपला की दुसरी ट्रॉली शेजारच्याच्या उसाने भरतो. आम्ही दोन चिठ्ठ्या करतो. ॲपमध्ये एका गाडीला एकच शेतकरी लागतो." आमच्या मुलाने लॅपटॉप उघडून बघितलं आणि मान हलवली. जुलैपासून आम्ही जे आखत होतो, त्यात गाडी म्हणजे एक शेतकरी हे इतकं गृहीत होतं की ते कुठे लिहिलेलंही नव्हतं.

पुढच्या फेरीत एका शेती मदतनिसाचं आलं: चिटबॉय हंगामापुरते घेतात, बरेचसे ऑक्टोबरच्या शेवटी ठरतात. सप्टेंबरच्या प्रशिक्षणाला जे आले, त्यातले अर्धे हंगामाला नव्हतेच.

यादी आली, पण बरी आहे का?

पुढे जायच्या आधी तक्त्याकडे एक मिनिट बघा. सगळी कारणं खोलीबाहेरच्या माणसांवर ढकलणारी असतील, म्हणजे पुरवठादार, सरकार, शेतकरी, "वरचे", तर खोलीत भीती आहे. अशा वेळी एकच जास्तीची फेरी घ्या: "आता फक्त माझ्या विभागामुळे झालेलं एक कारण." सगळी कारणं एकाच गोष्टीभोवती फिरत असतील, तर बहुतेक पहिल्या किंवा दुसऱ्या स्लाइडने ती सुचवली आहे. आणि कुणालाच एकही कारण नवं वाटलं नाही, तर चुकीची माणसं बोलावली आहेत.

लोकांचा उत्साह थोडा उतरलेला दिसेल. ते ठीक आहे. योजनेवरचा फाजील विश्वास खाली यावा हाच या पद्धतीचा एक हेतू आहे. पण साहेब घाबरून "मग पुढच्या वर्षीच करू" म्हणायला लागले, तर त्यांना आठवण करून द्या की यादीतलं काहीही अजून घडलेलं नाही.

पाचवी स्लाइड: निवड

तेवीस कारणांवर कुणीच काम करत नाही. तीन ते पाच निवडायची. इथे पुष्कळ जण शक्यता आणि परिणाम यांना एक ते पाच गुण देऊन गुणाकार करतात. मला ते पटत नाही. खोलीतल्या कुणालाच ते गुण माहीत नसतात, आणि बारा मोठं की पंधरा यावर वेळ जातो. मी स्लाइडवर दोन प्रश्न ठेवते आणि प्रत्येकाला कारणांपुढे लावायला तीन-तीन टिंबं देते:

> यातलं कुठलं कारण खरं ठरलं तर तुम्हाला अजिबात आश्चर्य वाटणार नाही?
> त्यातलं कुठलं थांबवणं आज आपल्या हातात आहे?

पहिल्या प्रश्नाला पुढे आलेली कारणं दुसऱ्या चाळणीतून घालायची. आमच्याकडे तीन उरली: दोन ट्रॉल्या, प्रशिक्षणाची तारीख, एकसारखी नावं. नंबर एकच निघण्याचं आमच्या मुलाने तिथेच स्वतःकडे घेतलं. प्रत्येक फोनला स्वतःचा दोन अक्षरी उपसर्ग द्यायचा होता, अर्ध्या दिवसाचं काम. रेंजवर चर्चा न करता आम्ही एक चाचणी ठरवली: सगळ्यात दूरच्या दोन गटांत, फडात उभं राहून, दिवसभर नोंदी करून बघायच्या. जे मोजून कळतं त्यावर मतं घेत बसू नये.

सहावी स्लाइड: खूण, माणूस, तारीख

ही एकच स्लाइड बैठकीनंतर जिवंत राहते, म्हणून हिला सगळ्यात जास्त वेळ द्या, निदान पंचवीस मिनिटं. पाच रकाने: कारण, आधी दिसणारी खूण, कोण बघणार, कधी, आणि योजनेत काय बदलणार.

अवघड रकाना खुणेचा. नवखे लोक तिथे नुकसानच परत लिहितात. एकसारख्या नावांच्या ओळीत पहिल्यांदा आम्ही लिहिलं, "शेतकऱ्यांच्या तक्रारी येतील." पण तक्रार आली म्हणजे खूण चुकलीच. खूण अशी हवी की ती दिसल्यावर काहीतरी करायला वेळ उरतो, आणि दिसली की नाही यावर दोन माणसांचं दुमत होत नाही. विचारत गेलं की मिळते. तक्रारीच्या आधी काय होतं? चुकीच्या खात्यावर वजन. त्याच्या आधी? चिटबॉय चुकीचं नाव दाबतो. त्याच्याही आधी? यादीत एका गावात तेच नाव दोनदा असतं. ते तर आजच मोजता येतं. मग ओळ अशी झाली:

> कारण: एकाच गावात सारखी नावं, चुकीच्या खात्यावर वजन.
> खूण: एकाच गावात तेच नाव दोनदा असलेली खाती.
> कोण: हिशेब विभागातल्या बाई. कधी: ३१ ऑगस्टपर्यंत यादी.
> बदल: अशा खात्यांपुढे ॲपमध्ये वडिलांचं नाव आणि फडाचा गट नंबर ठळक दिसणार.

प्रशिक्षणाची ओळ अशी झाली. खूण: १५ ऑक्टोबरला नेमणूक पक्की झालेल्या चिटबॉयचा आकडा. बघणार शेतकी अधिकारी. बदल: सप्टेंबरचं मोठं प्रशिक्षण रद्द, त्याऐवजी नेमणूक होईल तसं गट ऑफिसमध्ये दहा-दहाच्या तुकडीने, शेवटची तुकडी ३ नोव्हेंबरला. दोन ट्रॉल्यांसाठी बदल थेट ॲपमध्ये झाला आणि खूण अशी ठरली की चाचणीत निदान पाच दुहेरी खेपा काट्यापर्यंत बिनचूक पोचल्या पाहिजेत.

"कोण" या रकान्यात विभागाचं नाव लिहू देऊ नका. "संगणक विभाग बघेल" म्हणजे कुणीच बघणार नाही. आणि ते नाव खोलीत हजर असलेल्या माणसाचं हवं. गैरहजर माणसाच्या गळ्यात काम घालणं फार सोपं असतं.

बैठक संपायच्या आधी पहिली स्लाइड परत उघडा आणि तिच्यावरची निदान एक ओळ सगळ्यांसमोर बदला. आमच्याकडे दोन बदलल्या: प्रशिक्षणाची, आणि "१ डिसेंबरपासून पुस्तकं बंद" याऐवजी "सलग सात दिवस हाताने केलेल्या नोंदी वीसच्या आत राहिल्या की पुस्तकं बंद." ही दुसरी शेतकी अधिकाऱ्यांनी स्वतः सुचवली. एकही ओळ बदलली नाही, तर सव्वा तास नुसतीच करमणूक झाली असं समजा.

बैठकीनंतर

सहावी स्लाइड छापून भिंतीवर लावा किंवा दर पंधरा दिवसांच्या आढाव्यात पहिल्यांदा उघडा. फक्त "खूण दिसली का?" एवढंच विचारायचं, दहा मिनिटांत होतं. तारीख उलटलेली ओळ दोनदा तशीच दिसली, तर त्या माणसाला तो रकाना पेलत नाही. त्याला ओरडण्यापेक्षा माणूस बदला.

आणि हेही धरून चाला की खोलीतल्या कुणालाच जे माहीत नाही, ते या पद्धतीने बाहेर येत नाही. आमचा हंगाम ५ नोव्हेंबरला सुरू झाला. दोन ट्रॉल्यांच्या खेपा नीट गेल्या. सारख्या नावांचे घोळ एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके झाले. आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी एका गटातले सात ट्रॅक्टर फडातून हललेच नाहीत.

कागदी चिठ्ठीला खाली गुलाबी प्रत असायची. ती ड्रायव्हरकडे राहायची. वाहतूकदार त्या प्रती मोजून ड्रायव्हरला खेपेचे पैसे द्यायचा आणि मुकादम त्यावरूनच टोळीचा हिशेब ठेवायचा. ॲपने चिठ्ठी काढली आणि तिच्याबरोबर गुलाबी प्रतही गेली. "खेप झाली याचा पुरावा काय?" असं ड्रायव्हर विचारत होते, आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं. हातांच्या यादीत आम्ही फक्त कारखान्याचे हात मोजले होते. मुकादम, ड्रायव्हर आणि वाहतूकदार यांच्यापैकी एकही जण त्या खोलीत नव्हता.

तात्पुरता उपाय म्हणून काट्यावर वजनाची पावती दोन प्रतींत छापायला लागलो, एक ड्रायव्हरला. त्या संध्याकाळी शेतकी अधिकाऱ्यांनी भिंतीवरच्या छापील स्लाइडवर पेनाने चौथी ओळ लिहिली. कारणाच्या रकान्यात "गुलाबी प्रत", कोणच्या रकान्यात स्वतःचं नाव. पुढच्या हंगामाच्या बैठकीला दहा खुर्च्या मांडल्या होत्या आणि दहाव्या खुर्चीवर एक मुकादम बसले होते.